दह्यात बुडवलेलं चिकन कुरकुरीत होत नसतं

आज एका रेसिपीवर राग काढायचा आहे. रेसिपी तुम्ही पाठ केलेली असणार: बोनलेस चिकन घ्या, वाटीभर दही, अंडं, आलं-लसूण, लाल तिखट, चिमूटभर लाल रंग, रात्रभर फ्रीजमध्ये मुरवा, सकाळी कॉर्नफ्लॉवर घाला आणि 'मध्यम आचेवर खरपूस तळून घ्या'. झालं तुमचं चिकन ६५. प्रत्यक्षात होतं काय? कढईतून काढताना तुकडे बरे दिसतात, टेबलावर येईपर्यंत मऊ पडतात आणि दुसरी प्लेट येते तोवर त्यांची ओली भजी झालेली असते. मग दोष चिकनला जातो, गॅसला जातो, नाहीतर तळणाऱ्याच्या हाताला जातो. रेसिपीला कोणी काही म्हणत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कुरकुरीतपणा मसाल्यात नसतो, पिठाच्या ब्रँडमध्ये नसतो आणि 'हाताच्या चवीत' तर अजिबात नसतो. तो पाण्याचा हिशेब आहे. तुकड्याच्या बाहेरच्या मिलिमीटरभर थरातलं पाणी गेलं की तो कुरकुरीत, राहिलं की लिबलिबीत. आणि आपली ही लाडकी रेसिपी पहिल्या ओळीपासून त्या थरात पाणी ओतत जाते.

आधी डिशबद्दल दोन शब्द. चिकन ६५ चेन्नईचं. माउंट रोडवरच्या, म्हणजे आजच्या अण्णा सलाईवरच्या, बुहारी हॉटेलला त्याचं श्रेय दिलं जातं आणि ६५ हा आकडा १९६५ सालाचा, असं ते हॉटेल सांगतं. पासष्ट मिरच्या, पासष्ट दिवसांची कोंबडी, मेनूकार्डावरचा पासष्टावा नंबर वगैरे कथा ऐकायला मजेशीर आहेत, तेवढंच. महत्त्वाचं हे की तमिळ पद्धतीचं ६५ हा कोरडा पदार्थ आहे. वर तळलेला कढीपत्ता, बाजूला कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. हैदराबादकडे तळलेले तुकडे दह्याच्या फोडणीत परततात, तो वेगळा प्रकार आहे आणि आपल्या जागी छान आहे. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ६५ म्हणून जे येतं ते या दोघांतलं एकही नसतं. कोरडं म्हणून केलेलं आणि ओलं झालेलं, असं ते अपघाती तिसरंच काहीतरी असतं.

आता हिशेब. अर्धा किलो चिकनला अर्धी वाटी दही घातलं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम. त्यातलं ६५ ग्रॅम पाणीच. एक अंडं फोडलं, त्यात आणखी ३५ ग्रॅमच्या आसपास पाणी. लिंबाचा रस आणि मिक्सर फिरावा म्हणून आलं-लसणात घातलेलं पाणी धरलं तर १०० ग्रॅमच्या वर सहज जातो आपण. चिकन धुऊन तसंच ओलं घातलं असेल तर तो बोनस वेगळा.

हे १०० ग्रॅम पाणी उकळीपर्यंत तापवून त्याची वाफ करायला साधारण २५५ किलोज्यूल उष्णता लागते. आणि फ्रीजमधून काढलेलं अर्धा किलो चिकन आतून ७५ अंशांपर्यंत न्यायला किती लागते? अंदाजे ११५. म्हणजे चिकन शिजवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या दुपटीहून जास्त आपण आपल्याच हाताने ओतलेलं पाणी वाळवण्यात घालवणार! घरगुती गॅसच्या मोठ्या बर्नरवरून कढईत प्रत्यक्ष पोचते ती एक ते दीड किलोवॅट. त्या हिशेबाने नुसतं हे पाणी उडवायला शेगडीची तीनेक मिनिटं पूर्ण क्षमतेने जातात. तेवढ्या वेळात चिकन थांबणार आहे का? ते तोवर शिजून, पुढे जाऊन, रबर झालेलं असतं. सगळं पाणी उडावंच लागतं असं नाही, थोडं पिठात बांधलं जातं, थोडं गळून तळाशी जातं. पण आकडे कोणत्या बाजूला झुकलेत ते कळायला एवढं पुरे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'पण दह्याने चिकन मऊ होतं ना!' होतं, थोडंसं. पण आपण इथे अख्खी तंगडी तंदूरमध्ये लावत नाही आहोत. इंचभराचे बोनलेस तुकडे आहेत, त्यातही मांडीचं मांस घेतलं तर ते मुळात मऊच असतं. दह्यातलं आम्ल आत फार खोल जात नाही. रात्रभर ठेवल्यावर ते बाहेरचा थर मात्र लगदा करून टाकतं. मिठाचंही तेच. मीठ लागल्यावर मांसातून पाणी सुटतं आणि सकाळी भांड्याच्या तळाशी जे लालसर तळं साचलेलं दिसतं ते 'मसाला मुरल्याची खूण' नसून त्यात कॉर्नफ्लॉवर घातल्यावर खळ होणार याची खूण असते. या आकाराच्या तुकड्यांना ४५ मिनिटं भरपूर झाली.

गंमत म्हणजे हे सगळं आपल्या घरात आधीपासून माहीत आहे. खेकडा भजी करताना आई काय करते? कांद्याला मीठ चोळून ठेवते, त्याला जेवढं पाणी सुटेल तेवढ्यातच बेसन कालवते आणि वरून थेंबभर पाणी घालू देत नाही. म्हणून ती भजी कुरकुरीत. श्रीखंडासाठी दही टांगून चक्का करणं तर आपल्याला कोणी शिकवायला नको. मग चिकन समोर आलं की ही अक्कल कुठे जाते? दह्याची आंबट चव हवी आहे ना, मग चक्का घाला. आंबटपणा जवळजवळ तोच, पाणी बरंच कमी.

तर अर्धा किलो मांडीच्या बोनलेस चिकनसाठी माझा हिशेब असा. इंचाचे तुकडे करून स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने खरोखर कोरडे करायचे, हात फिरवल्यावर हाताला ओल लागता कामा नये. सव्वा चमचा मीठ, एक मोठा चमचा काश्मिरी मिरचीची पूड, चमचाभर मिरपूड, पाव चमचा हळद, एक मोठा चमचा पाणी न घालता वाटलेलं आलं-लसूण, दोन मोठे चमचे चक्का, दोन छोटे चमचे लिंबाचा रस. पाऊण तास ठेवायचं. तळायला घेण्याच्या अगदी आधी तळाशी सुटलेलं पाणी ओतून टाकायचं, मग एका अंड्याचा फक्त पांढरा बलक, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर आणि दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ. मैदा नको, त्यातल्या चिकटपणाने आवरण चिवट होतं.

कसं झालंय ते ओळखायची परीक्षा एकच: भांडं तिरकं करा. तळाशी काही ओघळलं तर ओलं आहे, आणखी एक चमचा तांदळाचं पीठ लागेल. तुकड्यांवर कोरडं पांढरं पीठ दिसत असेल तर उरलेल्या बलकाचे दोन थेंब लावा. तुकडा उचलल्यावर आवरण त्याला चिकटून राहिलं पाहिजे आणि खाली थेंब पडता कामा नये. बस.

आता तेलाकडे वळू, कारण दुसरं मोठं पाप इथे होतं. 'मध्यम आच' हे तापमान नाही, ती शेगडीच्या बटणाची स्थिती आहे. माझ्या शेगडीची मध्यम आणि तुमच्या शेगडीची मध्यम यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. शिवाय कढईत तेल किती, चिकन किती थंड आणि एका वेळी किती टाकलं यावर सगळं बदलतं. पाऊण लिटर तेल १० अंशांनी उतरतं तेव्हा ते फक्त १४ किलोज्यूल उष्णता देऊन बसतं. म्हणजे तेलाकडे साठवलेली पुंजी अगदी तुटपुंजी आहे. त्यात अर्धा किलो थंड चिकन एकदम ओतलं की तापमान बदाबदा कोसळतं, बुडबुडे मरतात आणि चिकन तळायच्या ऐवजी कोमट तेलात उकडत बसतं. हॉटेलच्या भटारखान्यात भलीमोठी कढई आणि जेटसारखी भट्टी असते, त्यांना हे परवडतं. आपल्याला नाही. म्हणून अर्धा किलो तीन घाण्यांत, प्रत्येक घाण्याआधी तेल परत तापवून.

काही रुपयांचा थर्मामीटर घ्या, खरंच. मोबाइलच्या कव्हरवर त्याहून जास्त खर्च करतो आपण. नसेलच तर मिश्रणाचा थेंब टाकून बघा: तळाशी जाऊन सावकाश वर आला तर १६०च्या आसपास आहे, पडल्या पडल्या वर येऊन फसफसला तर १८० किंवा वर. अचूक नाही, पण 'मध्यम आचे'पेक्षा शंभर पटीने बरं.

आणि आता मुख्य मुद्दा, दोनदा तळण्याचा. याला लोक हॉटेलवाल्यांची चैन समजतात किंवा 'बाप रे, दोनदा तेल!' म्हणून नाक मुरडतात. माझ्या मते एकदाच तळणं हीच या पदार्थाच्या डिझाइनमधली चूक आहे.

बघा, एका तुकड्याकडून आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. आतलं मांस ७५ अंशांना पोचून तिथेच थांबायला हवं, पुढे गेलं की ते कोरडं पडतं. बाहेरचं आवरण मात्र १०० अंशांच्या बरंच वर जायला हवं, कारण त्यातलं पाणी संपल्याशिवाय ते १००च्या वर सरकतच नाही. एक भाग लवकर थांबायला हवा, दुसरा उशिरा संपायला हवा, आणि आपण दोघांना एकाच कढईत एकाच वेळी एकाच तापमानाला बसवतो. एका फंक्शनमध्ये दोन कामं कोंबल्यावर जे होतं तेच इथे होतं. आच कमी ठेवली तर आत शिजतं पण बाहेर ओलं राहतं, वाढवली तर बाहेर करपतं आणि आत गुलाबी. मग मधला मार्ग म्हणून 'मध्यम'. म्हणजे दोन्ही कामं अर्धवट.

म्हणून कामं वेगळी करा. पहिली फेरी शिजवायची: तेल १७०ला, चिकन पडल्यावर ते १५०-१५५पर्यंत उतरेल, तिथे सांभाळायचं. साडेतीन-चार मिनिटं. रंग फिकट बदामी आला की पुरे, गडद होऊ द्यायचा नाही. या फेरीत तुकडा पूर्ण शिजलाच पाहिजे. सगळ्यांत जाड तुकडा तोडून बघा, रस पारदर्शक हवा आणि आत कुठेही गुलाबी, जेलीसारखं मांस दिसायला नको.

मग बाहेर काढून जाळीवर पसरवायचं, आठ-दहा मिनिटं. ढीग करायचा नाही, झाकायचं तर अजिबात नाही. हा विश्रांतीचा वेळ लोक वाया गेलेला समजतात, पण खरं काम इथे होतं. तुकड्याच्या आतलं पाणी अजून गरम असतं आणि ते बाहेरच्या कोरड्या आवरणाकडे सरकत असतं. काही वाफ होऊन जातं, काही आवरणातच अडकतं. दहा मिनिटांनी हात लावून बघा, मघाशी खडखडीत असलेलं आवरण मऊ झालेलं असतं. एकदाच तळलेल्या चिकनमध्ये हेच सगळं तुमच्या प्लेटमध्ये होतं, पहिला पेग संपायच्या आत. आपण ते प्लेटच्या आधी होऊ देतोय, एवढाच फरक.

दुसरी फेरी वाळवायची. तेल १८५ ते १९०, पुन्हा तीन घाण्यांत, प्रत्येकी ४५ सेकंद ते एक मिनिट. आता बाहेर उडवायला थोडंच पाणी उरलेलं असतं, त्यामुळे तेल फारसं थंड होत नाही आणि आवरण झटकन कोरडं होतं. आतलं मांस मधल्या वेळात थोडं निवलेलं असल्यामुळे मिनिटभरात पुढे जाऊन रबर होत नाही. इथे कान वापरा. तेलाचा आवाज म्हणजे बाहेर पडणारं पाणी. सुरुवातीला दणक्यात चरचर होते, मग ती बारीक, किणकिणती होते. आवाज बसला की काढा. त्यापुढे थांबलात तर मिरचीपूड करपून कडवट लागते.

यावर 'दुप्पट तेल पोटात जातं' हा आक्षेप येणार. दुप्पट जात नाही. चिकन तेलात असताना आतून वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळे तेल फारसं आत शिरत नाही. बहुतेक तेल शिरतं ते बाहेर काढल्यावर, वाफ थंड होऊन आवरणाच्या छिद्रांत ओढ तयार होते तेव्हा. म्हणून झारा कढईवरच दोनदा जोरात झटका आणि तुकडे लगेच जाळीवर घ्या, तेलाच्या थारोळ्यात पडलेल्या पेपरवर नको. खरं तेलकट होतं ते कोमट तेलात बराच वेळ पोहलेलं चिकन. पथ्यच असेल तर हा पदार्थच खाऊ नका, पण पथ्याच्या नावाखाली तो वाईट तळू नका.

एक सावधगिरी मात्र गंभीरपणे. दोनदा तळणं म्हणजे 'अर्धकच्चं तळून ठेवायचं आणि पाहुणे आल्यावर पूर्ण करायचं' असं नाही. अर्धकच्चं चिकन ओट्यावर तीन तास ठेवणं म्हणजे जंतूंना मेजवानी, आणि दुसऱ्या फेरीच्या एका मिनिटात आतलं मांस पुरेसं तापत नाही. पहिल्या फेरीत पूर्ण शिजवा. पाहुणे उशिरा येणार असतील तर निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. मग दुसऱ्या फेरीला दीड-दोन मिनिटं द्यावी लागतील आणि आत नीट गरम झालंय का ते तोडून बघावं लागेल.

रंगाबद्दलही बोलायलाच हवं. लाल रंग घालू नका. आरोग्याचा मुद्दा आहेच, कर्नाटकने जून २०२४ मध्ये कबाबांत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली ती उगाच नाही. पण माझा आक्षेप आणखी साधा आहे. तळणाऱ्याला आवरण कितपत झालंय हे दिसतं ते रंगावरून. सगळंच पहिल्या सेकंदापासून फायर ब्रिगेडसारखं लालभडक असेल तर बदामी कधी झालं आणि करपलं कधी हे कळणार कसं? सिस्टीमचे सगळे एरर मेसेज पुसून टाकायचे आणि मग 'कुठे बिघडलं कळत नाही' म्हणायचं, तसला प्रकार.

बिघडलंच, तर कुठे बिघडलं ते असं ओळखा. आवरण सुटून तेलात गाळ जमला, तर चिकन ओलं होतं किंवा मिश्रण सैल होतं. बाहेर गडद आणि आत कच्चं, तर पहिल्या फेरीचं तेल फार तापलेलं किंवा तुकडे मोठे. दगडासारखं टणक, तर पीठ जास्त किंवा दुसरी फेरी लांबली. आणि सगळं ठीक होऊन शेवटी मऊ पडलं, तर शंभरातल्या नव्वद वेळा फोडणीत मेहनत बुडवलेली असते.

ती फोडणी म्हणजे शेवटचा सापळा. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि पुसून कोरडा केलेला कढीपत्ता. कढीपत्ता कडक झाला की गॅस बंद, चिकन टाकून दहा सेकंद वरखाली, वर मिरपूड, संपलं. सॉस नको, दही नको, 'थोडंसं पाणी' तर नकोच नको. लिंबू ज्याने त्याने आपल्या घासावर पिळावं.

आणि हो, डब्यात भरून ऑफिसला नेणार असाल तर वरचं सगळं विसरा. बंद डब्यात वाफ कोंडते आणि तिला हरवणारं तंत्र कुठल्याही स्वयंपाकघरात नाही. हे चिकन कढईपासून दहा पावलांवर उभं राहून खायचं असतं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी चिकन सुकं करावं. डब्यात ते उत्तम राहतं आणि कुरकुरीत असल्याचा दावाही करत नाही.